गोदामात थांबलेला खर्च

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत शेतीपंप बनवणारा एक मध्यम कारखाना आहे अशी कल्पना करू. पावसाळा सरत आलेला आहे. विहिरी काठोकाठ भरल्या आहेत, त्यामुळे पंपाला फारसं गिऱ्हाईक नाही. तरी कारखाना बंद ठेवलेला नाही. दिवाळीनंतर रब्बीच्या पाण्यासाठी पंपांची मागणी एकदम उसळते आणि तेव्हा माल हाताशी नसला की डीलर दुसऱ्या कंपनीकडे वळतो. म्हणून गेले तीन महिने पंप तयार होताहेत, खोक्यात बंद होताहेत आणि गोदामात थप्पीला लागताहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मालकांच्या टेबलावर जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे दोन कागद येतात. एकावर अडीच लाख रुपये नफा आहे. दुसऱ्यावर साडेतीन लाख रुपये तोटा आहे.

दोन्ही कागद एकाच माणसाने, एकाच वह्यांवरून केलेले आहेत. विक्रीचा आकडा दोन्हींवर सारखा आहे, पगार सारखे आहेत, वीजबिल सारखं आहे.

"यातला खरा कुठला?" मालक विचारतात.

"दोन्ही खरे आहेत, अण्णा," हिशेबनीस म्हणतात. "फरक सहा लाखांचा आहे. ते सहा लाख आपल्या गोदामात आहेत."

हे उत्तर ऐकायला कोड्यासारखं वाटतं, पण त्यात एक अक्षरही जास्तीचं नाही. ते समजून घ्यायचं तर या कारखान्याचा खर्च एकदा उलगडून बघावा लागतो. कारखाना काल्पनिक आहे आणि हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे मुद्दाम गोल घेतले आहेत. रीत मात्र खऱ्या कारखान्यातलीच आहे.

एक पंप १०,००० रुपयांना विकला जातो. तो बनवायला ओतीव कास्टिंग, तांब्याची तार, स्टॅम्पिंग, बेअरिंग, रंग, नगावर दिलेली मजुरी आणि यंत्रावर जळलेली वीज असा ६,००० रुपये खर्च येतो. एक पंप जास्त केला तर हा खर्च ६,००० रुपयांनी वाढतो, एक कमी केला तर तेवढाच कमी होतो. हा बदलता खर्च. पंप विकताना डीलरचं कमिशन आणि वाहतूक मिळून आणखी ५०० रुपये जातात.

याशिवाय कारखान्याचा स्थिर खर्च आहे. शेडचं भाडं, यंत्रांचा घसारा, सुपरवायझर आणि मेंटेनन्सवाल्यांचे पगार, वीज मंडळाचा मागणी आकार असं सगळं मिळून तिमाहीला २० लाख रुपये. पंप एक हजार होवोत की पाचशे, हे २० लाख द्यावेच लागतात. ऑफिस, जाहिरात आणि विक्री विभागाचे पगार हे आणखी ८ लाख. नेहमीच्या परिस्थितीत हा कारखाना तिमाहीला १,००० पंप बनवतो.

आता प्रश्न एवढाच की कारखान्याचे ते २० लाख कोणाच्या नावावर टाकायचे.

पहिली रीत म्हणते, ते पंपांच्या नावावर टाका. शेड, यंत्रं आणि सुपरवायझर नसते तर एकही पंप तयार झाला नसता, तेव्हा प्रत्येक पंपाने आपला वाटा उचलला पाहिजे. २० लाख भागिले १,००० म्हणजे पंपामागे २,००० रुपये. पंपाची किंमत झाली ६,००० अधिक २,००० म्हणजे ८,००० रुपये. पंप विकला जाईपर्यंत हे ८,००० रुपये मालाच्या साठ्यात, म्हणजे ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला, बसून राहतात. पंप विकला गेला की ते तिथून उठून नफातोटा पत्रकात खर्च म्हणून येतात. स्थिर खर्च मालात शोषला जातो, म्हणून हिला ॲब्सॉर्प्शन कॉस्टिंग म्हणतात.

दुसरी रीत म्हणते, ते २० लाख पंपांचे नाहीत, त्या तीन महिन्यांचे आहेत. कारखाना तीन महिने चालण्याच्या अवस्थेत ठेवण्याची ती किंमत आहे. तीन महिने संपले की खर्चही संपला. तो पुढे ढकलण्यात अर्थ नाही. म्हणून पंपाची किंमत ६,००० रुपयेच धरायची आणि २० लाख त्याच तिमाहीच्या नफ्यातून सरळ वजा करायचे. हे व्हेरिएबल कॉस्टिंग. आपल्याकडच्या कॉमर्सच्या पुस्तकांत याचंच नाव मार्जिनल कॉस्टिंग किंवा सीमांत परिव्यय असं येतं.

जेवढं बनवलं तेवढंच विकलं, तर या दोन रीतींत काडीचाही फरक पडत नाही. एप्रिल ते जून या तिमाहीत कारखान्याने १,००० पंप बनवले आणि १,००० विकले. व्हेरिएबल रीतीने प्रत्येक पंपामागे १०,००० मधून ६,५०० वजा जाऊन ३,५०० रुपये उरतात. या उरलेल्या रकमेला कॉन्ट्रिब्यूशन म्हणतात. एक हजार पंपांचे ३५ लाख, त्यातून २८ लाख स्थिर खर्च वजा, नफा ७ लाख. ॲब्सॉर्प्शन रीतीने एक कोटी विक्रीतून ८० लाखांचा माल वजा, मग ५ लाख कमिशन-वाहतूक आणि ८ लाख ऑफिस वजा. नफा तोच, ७ लाख.

जुलै ते सप्टेंबरमध्ये बनवले १,००० आणि विकले फक्त ७००. इथे वाटा फुटतात.

व्हेरिएबल रीतीने ७०० पंपांचं कॉन्ट्रिब्यूशन २४.५ लाख, स्थिर खर्च २८ लाख, म्हणजे ३.५ लाख तोटा. ॲब्सॉर्प्शन रीतीने ७० लाख विक्रीतून ७०० पंपांचे ५६ लाख वजा, उरले १४ लाख, त्यातून ३.५ लाख कमिशन-वाहतूक आणि ८ लाख ऑफिस वजा, नफा २.५ लाख. फरक ६ लाखांचा. गोदामात ३०० पंप शिल्लक आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात कारखान्याच्या स्थिर खर्चाचे २,००० रुपये आहेत. ३०० गुणिले २,००० म्हणजे बरोबर ६ लाख. शेडचं भाडं घरमालकाला दिलेलं आहे, सुपरवायझरचा पगार त्याच्या खात्यात गेला आहे, पण त्यातला तीन दशांश हिस्सा पहिल्या कागदावर अजून खर्च म्हणून आलेलाच नाही. तो पंपांच्या खोक्यांत बंद होऊन पुढच्या तिमाहीची वाट बघतो आहे.

पुढच्या तिमाहीत काय होतं ते बघितलं की हे पक्कं होतं. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पुन्हा १,००० पंप बनले, पण विकले गेले १,३००. म्हणजे नव्या हजाराबरोबर जुने ३००ही गेले. व्हेरिएबल रीतीने कॉन्ट्रिब्यूशन ४५.५ लाख, वजा २८ लाख, नफा १७.५ लाख. ॲब्सॉर्प्शन रीतीने नफा ११.५ लाख, कारण या तिमाहीच्या स्वतःच्या २० लाखांबरोबर मागचे ६ लाखही खोक्यांतून बाहेर आले. दोन्ही तिमाह्या एकत्र केल्या तर व्हेरिएबलचे उणे ३.५ आणि अधिक १७.५ मिळून १४ लाख. ॲब्सॉर्प्शनचे २.५ आणि ११.५ मिळून १४ लाखच. एकूण नफ्यात एका रुपयाचाही फरक नाही. तो कोणत्या तिमाहीत दिसला, एवढाच वाद.

हा पेच नवा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ड्यूई अँड आल्मी नावाची रसायनं बनवणारी कंपनी होती. तिचे कंट्रोलर जोनाथन हॅरिस यांनी जानेवारी १९३६ मध्ये तिथल्या कॉस्ट अकाउंटंटांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पत्रिकेत एक लेख लिहिला. शीर्षकच प्रश्न होता: गेल्या महिन्यात आपण कमावलं किती? विक्री वाढली असताना नफा खाली जातो, हे धंदा चालवणाऱ्याला कसं समजावायचं, ही त्यांची अडचण. कारण हेच होतं. ज्या महिन्यात विक्री जोरात झाली त्यात उत्पादन कमी झालं, साठा उतरला, आणि त्या साठ्यात दडलेला स्थिर खर्च नेमका चांगल्या महिन्यावर येऊन आदळला. हॅरिस यांनी स्थिर खर्च साठ्यात टाकणंच बंद करण्याचा मार्ग मांडला. आज व्हेरिएबल कॉस्टिंग म्हणून जे शिकवलं जातं, त्याच्या आरंभीच्या लेखनात या लेखाचं नाव घेतलं जातं.

दोन कागदांचा मेळ घालण्याचं सूत्र वर दिसलंच. अखेरच्या साठ्यात किती स्थिर खर्च बसला आहे ते काढायचं, त्यातून आरंभीच्या साठ्यातला स्थिर खर्च वजा करायचा, आणि जी रक्कम येईल ती व्हेरिएबल नफ्यात मिळवायची. उत्तर ॲब्सॉर्प्शन नफा. साठा वाढला तर ॲब्सॉर्प्शनचा नफा जास्त दिसतो, साठा घटला तर कमी. पुष्कळजण हे आणखी थोडक्यात पाठ करतात: उत्पादन आणि विक्रीतला फरक गुणिले पंपामागचा स्थिर खर्च. परीक्षेत बहुधा तेवढ्यावर भागतं, पण प्रत्यक्षात हा थोडक्यातला मंत्र दोन ठिकाणी फसवतो.

पहिलं ठिकाण म्हणजे बदललेला दर. समजा नव्या वर्षात भाडं आणि पगार वाढून कारखान्याचा स्थिर खर्च तिमाहीला २४ लाख झाला. पंपामागचा वाटा २,००० वरून २,४०० वर गेला. तिमाहीच्या आरंभी गोदामात जुन्या दराचे ३०० पंप होते. १,००० बनवले, १,००० विकले, जुना माल आधी गेला असं धरलं तर अखेरीस नव्या दराचे ३०० पंप उरले. उत्पादन आणि विक्री सारखी आहे, म्हणजे मंत्राप्रमाणे फरक शून्य यायला हवा. पण आरंभीच्या साठ्यात ६ लाखांचा स्थिर खर्च होता आणि अखेरच्या साठ्यात ७.२ लाखांचा आहे. ॲब्सॉर्प्शनचा नफा १.२ लाखांनी जास्त दिसणार. नगांची संख्या जागची हलली नाही, पण नगांच्या पोटातली रक्कम बदलली. म्हणून मेळ घालताना नग मोजून थांबायचं नसतं. साठ्याच्या दोन्ही टोकांना स्थिर खर्चाचे किती रुपये आहेत, ते मोजावं लागतं.

दुसरं ठिकाण जास्त नाजूक आहे आणि हिशेबात मुरलेली माणसंही तिथे अडखळतात. समजा गोदामात २,००० रुपये दराचे ३०० पंप असताना कारखान्याने पुढच्या तिमाहीत फक्त ६०० पंप बनवले आणि ९०० विकले. साठा शून्यावर आला. ६०० पंपांनी दर पंपी २,००० प्रमाणे १२ लाख शोषले. २० लाखांतले ८ लाख कुठल्याच पंपाच्या नावावर लागले नाहीत. हे ८ लाख त्याच तिमाहीत तोटा म्हणून दाखवावे लागतात. याला शोषला न गेलेला किंवा अंडर-ॲब्सॉर्ब्ड ओव्हरहेड म्हणतात. आता व्हेरिएबल नफा ९०० गुणिले ३,५०० म्हणजे ३१.५ लाख वजा २८ लाख, असा ३.५ लाख. ॲब्सॉर्प्शन रीतीने ९० लाखांतून मालाचे ७२ लाख, न शोषलेले ८ लाख, कमिशन-वाहतुकीचे ४.५ लाख आणि ऑफिसचे ८ लाख वजा जाऊन २.५ लाख तोटा. फरक ६ लाख.

हे ८ लाख मेळपत्रकात कुठे दिसतात? कुठेच नाही, आणि ते दिसायलाही नकोत. ॲब्सॉर्प्शन रीतीने ते याच तिमाहीत खर्च झाले. व्हेरिएबल रीतीनेही २० लाख पूर्ण याच तिमाहीत खर्च झाले, त्यात हे ८ लाख आलेच. दोन्ही कागदांनी जी गोष्ट एकाच तिमाहीत टाकली, ती दोघांमधल्या फरकाचं कारण होऊ शकत नाही. फरक फक्त साठ्यातून बाहेर पडलेल्या ६ लाखांचा. तरी कित्येक मेळपत्रकांत "अधिक: अंडर-ॲब्सॉर्प्शन ८ लाख" अशी ओळ घातलेली असते, मग आकडा जुळत नाही आणि उरलेली तफावत "इतर" या सदरात ढकलली जाते. मेळपत्रकात "इतर" मोठं दिसलं तर चूक बहुधा इथेच सापडते. वाहतूक-कमिशनचे ५०० रुपये साठ्याच्या किमतीत मिसळणं ही दुसरी नेहमीची चूक. ते विकलेल्या पंपावर होतात, बनवलेल्या पंपावर नाही. न विकलेल्या पंपाला ते लागलेलेच नाहीत.

इथपर्यंत गोष्ट निर्दोष आहे. माल हंगामासाठी साठवला, खर्च त्याच्याबरोबर पुढे गेला, माल विकला तेव्हा खर्च परत आला. पण ॲब्सॉर्प्शनच्या कागदात एक वाकडी वाट आहे, आणि हा सगळा खटाटोप समजून घ्यायचं खरं कारण ती वाट आहे.

जुलै-सप्टेंबरच्या त्याच तिमाहीत परत जाऊ. मागणी ७०० पंपांचीच आहे. समजा कारखान्याच्या व्यवस्थापकाचा बोनस तिमाहीच्या नफ्यावर ठरतो. यंत्रं पूर्ण ताकदीने चालवली तर १,२५० पंप निघतात, आणि तो तेवढे काढतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने हिशेब प्रत्यक्ष उत्पादनावर केला जातो: २० लाख भागिले १,२५०, पंपामागे १,६०० रुपये. पंपाची किंमत ८,००० ऐवजी ७,६०० झाली. विकलेल्या ७०० पंपांचा खर्च ५६ लाखांवरून ५३.२ लाखांवर आला. नफा २.५ लाखांवरून ५.३ लाखांवर गेला.

एकही पंप जास्त विकला गेला नाही. एकही खर्च वाचला नाही. उलट जादाच्या २५० पंपांसाठी दर पंपी ६,००० प्रमाणे १५ लाख रुपयांचा माल आणि मजुरी लागली. तो पैसा कॅश क्रेडिटमधून काढला, त्यावर बँकेचं व्याज चालू झालं, आणि गोदामात ३०० ऐवजी ५५० पंप झाले. कागदावर नफा दुपटीहून जास्त, आणि खात्यात पुरवठादारांना द्यायला पैसे नाहीत. व्हेरिएबलचा कागद मात्र जागचा हलला नाही. तिथे अजूनही ३.५ लाख तोटाच आहे, कारण तो आकडा विक्रीकडे बघतो, उत्पादनाकडे नाही. दोन कागदांतला फरक आता ८.८ लाख, म्हणजे ५५० गुणिले १,६००.

हा उसना नफा परतही करावा लागतो. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये मागणी १,३०० ची. गोदामात ५५० आधीच आहेत, म्हणून ७५० बनवले की पुरे. त्या तिमाहीत व्हेरिएबल नफा १७.५ लाखच राहतो, पण ॲब्सॉर्प्शनचा नफा ८.७ लाखांवर घसरतो. वर्षातली सगळ्यांत जोरदार विक्री झाली आणि निकाल निम्मा दिसला, कारण मागे लपवलेले ८.८ लाख एकदम बाहेर आले. ही घसरण झाकायची असेल तर उपाय एकच उरतो: पुन्हा गरजेपेक्षा जास्त बनवायचं. गोदाम असं दर तिमाहीला फुगत जातं. शेवटी एखादं मॉडेल जुनं पडतं, तार गंजते, खोकी ओली होतात, आणि साठा मूळ किमतीच्या खाली लिहावा लागतो. तेव्हा आजवर साठलेला सगळा खर्च एका फटक्यात तोट्यात जातो.

ही केवळ वर्गातली कल्पना नाही. सुगत रॉयचौधरी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकन कंपन्यांचे आकडे तपासले. तोटा दाखवावा लागू नये म्हणून ज्या मार्गांचा वापर झाल्याच्या खुणा त्यांना दिसल्या, त्यांत गरजेपेक्षा जास्त उत्पादन करून विकलेल्या मालाचा खर्च कमी दाखवणं हा एक मार्ग होता. २०११ मध्ये ब्रुगेन, कृष्णन आणि सेडाटोल या तिघांनी अमेरिकेतल्या मोटार उद्योगाकडे याच नजरेने पाहिलं. तिथे कामगार संघटनेशी झालेल्या करारांमुळे काम नसलेल्या कामगारांनाही पगार द्यावा लागत होता, म्हणजे मजुरी जवळपास स्थिर खर्च बनली होती. गाड्या बनवत राहिलं की तो खर्च जास्त गाड्यांवर पसरत होता. मग डीलरांच्या आवारात साठलेल्या गाड्या हलवायला मोठ्या सवलती द्याव्या लागल्या, आणि सवलतीच्या सवयीने ब्रँडची किंमतही उतरली.

मग ॲब्सॉर्प्शनची रीतच का ठेवली, असा प्रश्न येतो. भारतात तिला एकेकाळी पर्याय होता. १९८१ साली निघालेल्या लेखामानक क्रमांक २ मध्ये साठ्याची किंमत दोन्हींपैकी कोणत्याही रीतीने काढायची मुभा होती. १९९९ मध्ये सुधारलेल्या मानकाने ती मुभा काढून टाकली. तेव्हापासून प्रसिद्ध होणाऱ्या हिशेबात साठ्यात कारखान्याचा स्थिर खर्च धरावाच लागतो. मोठ्या कंपन्यांना लागू असलेलं इंड एएस २ आणि आयकरासाठीचं साठ्याच्या मूल्यमापनाचं मानकही हेच सांगतं. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. साखर कारखान्यात गाळप चार-पाच महिने चालतं आणि साखर वर्षभर विकली जाते. गाळपाच्या महिन्यांतला यंत्रांचा सगळा खर्च तेव्हाच तोट्यात टाकला, तर हंगामात कारखाना बुडीत दिसेल आणि पावसाळ्यात, काही न बनवता, भरभराटीला आलेला दिसेल.

त्याच मानकाने वाकड्या वाटेवर दोन फाटकंही बसवली आहेत. पहिलं म्हणजे स्थिर खर्च वाटायचा तो नेहमीच्या क्षमतेवर, म्हणजे साधारण परिस्थितीत काही हंगामांच्या सरासरीने जेवढं उत्पादन होतं त्यावर. उत्पादन घटलं म्हणून पंपामागचा वाटा वाढवायचा नाही; न शोषलेली रक्कम त्याच काळात खर्च म्हणून सोसायची. वरच्या ८ लाखांचं आपण तेच केलं. दुसरं म्हणजे उत्पादन नेहमीपेक्षा खूपच जास्त झालं तर दर पंपाचा वाटा कमी करायचा, म्हणजे झालेल्या खर्चापेक्षा जास्त खर्च साठ्यात बसणार नाही. १,२५० पंपांच्या तिमाहीत २,००० चा दर तसाच ठेवला असता तर २५ लाख शोषले गेले असते, प्रत्यक्षात खर्च २० लाखच असताना. नफा आणखी फुगून ७.५ लाख दिसला असता. दुसरं फाटक ते थांबवतं. पण ५.३ लाखांना ते थांबवत नाही. प्रामाणिकपणे मानक पाळूनही तेवढा नफा कागदावर येतो, आणि म्हणूनच दुसरा कागद लागतो.

बाहेरच्या माणसाला हे कसं ओळखता येईल? कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या नफातोटा पत्रकात तयार माल आणि अर्धवट मालाच्या साठ्यातील बदल अशी एक वेगळी ओळ असते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या तिमाही निकालांतही ती सापडते. ही रक्कम कंसात, म्हणजे उणे दिसली तर साठा वाढला आहे. विक्री स्थिर असताना ही ओळ सलग तीन-चार तिमाह्या उणेच राहिली, नफा चांगला दिसला आणि धंद्यातून येणारी रोकड मात्र आटत गेली, तर त्या नफ्यातला काही भाग गोदामात आहे असं समजायला जागा आहे. अर्थात साठ्याच्या वाढीत स्थिर खर्च किती आणि तांबं-लोखंड किती, हे ही ओळ सांगत नाही. तांब्याचा भाव चढला तरी ती फुगते. नगांची संख्या बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

व्हेरिएबलच्या कागदाच्याही मर्यादा आहेत आणि त्या लपवणं बरोबर होणार नाही. त्याचा सगळा डोलारा खर्चाच्या फोडीवर उभा आहे. नगावरची मजुरी बदलता खर्च आहे हे ठीक, पण पुष्कळ कारखान्यांत कामगार महिन्याच्या पगारावर असतात. ती मजुरी बदलती धरली तर पंपाची किंमत चुकीची वाढते आणि कॉन्ट्रिब्यूशन चुकीचं घटतं. वीजबिल तर दोन्हीकडे पाय ठेवून असतं: मागणी आकार स्थिर, युनिटचा आकार बदलता. बिल फोडून बघावं लागतं. आणि विक्रीवाल्यांच्या हातात फक्त ६,५०० हा आकडा दिला तर ते मोठ्या ऑर्डरसाठी ७,००० रुपयांनाही पंप द्यायला तयार होतात. मंदीत एखाद्या ऑर्डरपुरतं ते शहाणपणाचं असू शकतं. पण सगळेच पंप त्या भावाने गेले तर हजार पंपांमागे ५ लाख हाती येतील आणि देणं २८ लाखांचं असेल. आज आहे त्या भावाने ८०० पंप विकले की २८ लाख भरून निघतात, हा आकडा विक्रीवाल्यांना ६,५०० च्या शेजारी दिसला पाहिजे.

शिरोलीच्या त्या काल्पनिक कारखान्यात पुढे काय करावं, याला सोपं उत्तर आहे. महिन्याचा अंतर्गत कागद व्हेरिएबल रीतीने काढावा आणि व्यवस्थापकाचा बोनस त्यावर ठरवावा. त्याच्या तळाशी मेळाच्या तीन ओळी घालाव्यात: आरंभीच्या साठ्यातला स्थिर खर्च, अखेरच्या साठ्यातला स्थिर खर्च, आणि दोहोंतला फरक मिळवून येणारा ॲब्सॉर्प्शन नफा. हा शेवटचा आकडा हिशेबाच्या वह्यांतल्या नफ्याशी रुपयाला रुपया जुळला पाहिजे. ३१ मार्चला ऑडिटर साठा मोजायला गोदामात येतील तेव्हा ते खोकी मोजतील आणि मग दर विचारतील. १,२५० पंपांच्या तिमाहीतला एखादा पंप तेव्हाही थप्पीच्या तळाशी सापडला, तर त्याच्यावर १,६०० लावायचे की २,००० हे सांगणारा कागद हिशेबनिसाच्या फायलीत आधीच लावलेला असेल.